धागा: 18 गेजच्या कव्हरचे कोपरे फाटतात, आणि डेव्हलपमेंटही निघत नाही

गच्चीवरचा_पॅनेल (मुलुंड)

नमस्कार मंडळी. सोसायट्यांच्या पंपांसाठी कंट्रोल पॅनेल बनवतो. आतापर्यंत खोके तयार आणत होतो, आता पुढचं कव्हर स्वतः डिझाइन करून साकीनाक्याला एका गाळ्यात लेझर आणि बेंडिंगला टाकलं आहे.

कव्हर साधं आहे. समोरचा चेहरा बाहेरून 300 × 200, चारही बाजूंना 40 उंच भिंती, सीआरसीए 1.2 मिमी. भिंतींच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून प्रत्येक कडेला 10 मिमीची दुमड आतल्या बाजूला, पूर्ण दाबून बसवलेली.

अडचणी दोन आहेत. सॉलिडवर्क्समध्ये `Flatten` दाबलं की एररच येते. मग गाळ्यातल्या मुलाने ड्रॉइंग बघून हातानेच डेव्हलपमेंट, म्हणजे उलगडलेल्या सपाट पत्र्याचं माप, काढलं आणि सॅम्पल दिलं. त्याच्या चारही कोपऱ्यांत, चेहरा आणि दोन भिंती मिळतात तिथे, पत्रा फुगला आहे आणि दोन ठिकाणी केसाएवढी चीर गेली आहे. कोपऱ्यात 1.2 चं भोक मीच सांगितलं होतं, ते त्याने दिलेलंही आहे. तरी फाटतो कसा? माल खराब आहे का?

लेझरवाला_भांडुप

माल बघायला हवा. पण तसं तुमचं बरोबर आहे, रिलीफ जाडीएवढा द्यायचा असतो. 1.2 चा पत्रा म्हणजे 1.2 चं भोक. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. बर, म्हणजे कापलेल्या कडेची खरखरीत धार, कुठल्या बाजूला होती ते बघा. लेझरची बर बेंडच्या बाहेरच्या बाजूला आली की तिथूनच चीर सुरू होते. बर आत ठेवून वाकवा, नाहीतर भोकाची कड फाइलने मारून घ्या.

चाळकरी_गिरगाव

आमच्याही गॅलरीवरचा पत्रा दर पावसाळ्यात कोपऱ्यात फाटतो. 18 गेजचाच आहे म्हणे. मिस्त्री म्हणतो पत्रा बदला. ही रिलीफ भोकं त्याला मारली तर चालतील का?

निवृत्त_टूलरूम

चाळकरी, तुमचं दुखणं निराळं. गॅलरीचा पत्रा वाऱ्याने सतत फडफडतो आणि स्क्रूच्या भोकापासून थकून चिरतो. तिथे स्क्रूची संख्या वाढवा, खाली रबरी वॉशर घाला आणि मोकळी लोंबणारी कड कमी करा. आणखी भोकं मारू नका.

आता पॅनेलवाले दादा. बरबद्दल भांडुपकर म्हणतात ते सोळा आणे खरं. पण "जाडीएवढं भोक" हा नियम अर्धाच सांगितला जातो. जाडीएवढी असावी ती रिलीफची रुंदी, तीही किमान. रिलीफ कुठवर पोचला पाहिजे हा हिशेब निराळा, आणि तुमचा कोपरा तिथेच मार खातो.

पत्रा रेषेवर वाकत नाही, पट्ट्यावर वाकतो. ड्रॉइंगमध्ये बेंडची रेषा एक दिसते, प्रत्यक्षात तिच्या दोन्ही बाजूंचा थोडा थोडा पत्रा वळणात जातो. तुमच्याच आकड्यांत बघू. जाडी 1.2, आतली त्रिज्या 1.2 धरली, के फॅक्टर, म्हणजे न ताणला न दबला जाणारा थर जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे तो आकडा, 0.42 धरला, तर 90 अंशाच्या बेंडमध्ये खपणारा पत्रा असा:

```
BA = 1.5708 × (R + K×T)
   = 1.5708 × (1.2 + 0.42×1.2)
   = 2.68 mm
```

म्हणजे वाकणारा पट्टा 2.68 मिमी रुंद आहे. कोपऱ्यात असे दोन पट्टे एकमेकांना काटकोनात छेदतात आणि 2.68 × 2.68 चा एक चौकोन तयार होतो. त्या चौकोनातल्या धातूला एकाच वेळी दोन दिशांना वळायचं असतं. ते जमत नाही, म्हणून तो आतल्या बाजूने दबून फुगतो आणि बाहेरच्या बाजूने ताणला जाऊन चिरतो. तो अख्खा चौकोन कापून टाकायचा, हेच कोपऱ्याच्या रिलीफचं काम.

भोकाचं केंद्र दोन बेंडरेषा जिथे छेदतात तिथे, म्हणजे चौकोनाच्या मध्यावर. तिथून चौकोनाचा कोपरा अर्ध्या कर्णाइतका लांब, 2.68 × 0.707 म्हणजे 1.89. भोकाची त्रिज्या यापेक्षा मोठी हवी, म्हणजे व्यास किमान 3.8, सरळ 4 घ्या. तुमच्या 1.2 च्या भोकाची त्रिज्या 0.6. चौकोनाचा बहुतेक भाग तसाच राहिला. माल निर्दोष असेल.

लेझरवाला_भांडुप

काका, मग आमच्याकडे एवढी वर्षं 1.2 च्या भोकाने कसं चालतंय?

निवृत्त_टूलरूम

सीआरसीए मऊ असतो, सोसतो. तुमची बरीच कामं एका बाजूच्या फ्लॅंजची असतील. तिथे एकच बेंड कडेजवळ संपतो, दोन पट्टे छेदत नाहीत, आणि जाडीएवढ्या रुंदीच्या खाच-रिलीफवर भागतं. अर्थात तो खाचही बेंडच्या पट्ट्यापलीकडे चेहऱ्यात उतरलेला हवा. त्रिज्या अधिक जाडी अधिक अर्धा मिमी इतका खोल ठेवतात, तो पुरतो. शिवाय कोपऱ्यावर वेल्डिंग करून ग्राइंडर मारला की फुगवटा आणि चीर दोन्ही झाकली जातात.

दादांनी सॅम्पल हातात घेऊन एक बघावं. कोपऱ्यापासून वीसेक मिमीवर गुण्या लावा, मग अगदी कोपऱ्यालगत लावा. मध्ये 90 आणि कोपऱ्याकडे कोन उघडा येत असेल, तर तिथे धातू अडकतो आहे. चीर शोधायला भिंग लागत नाही. कोपऱ्यावर मार्कर फिरवून कापडाने पुसा, चिरेत शाई उरते.

गच्चीवरचा_पॅनेल

तंतोतंत. कोपऱ्याकडे भिंत दोनेक अंश उघडी आहे. मी बेंडिंगवाल्याला दोष देत होतो.

मग 4 चं भोक करून पुढचं सॅम्पल टाकू?

प्रेसब्रेक_वसई

थांबा, 4 नको. कुठल्या व्ही डायवर वाकवतात ते आधी विचारा. आतली त्रिज्या तुमच्या ड्रॉइंगवर ठरत नाही, ती आमच्या डायवर ठरते. हवेत बेंड करताना साध्या पोलादाला आतली त्रिज्या व्हीच्या रुंदीच्या साधारण सहाव्या हिश्शाची येते. 1.2 ला कुणी व्ही 8 लावतो, कुणी 10. व्ही 8 वर 1.3 च्या आसपास, व्ही 10 वर 1.6 च्या आसपास. आमच्याकडे दिवसभर व्ही 10 बसलेली असते. एका कव्हरसाठी कोण डाय बदलणार?

निवृत्त_टूलरूम

वसईकर मुद्द्याचं बोलले. 1.6 धरून तोच हिशेब करा. पट्टा 3.3 होतो, अर्धा कर्ण 2.34, म्हणजे भोक किमान 4.7 हवं. 4 चं भोक त्या डायवर पुन्हा अपुरं पडेल आणि दादा पुन्हा इथे येऊन विचारतील. बेंडरेषेची जागा दोन्ही डायवर जवळपास तीच राहते, म्हणून केंद्र हलवायला नको. व्यास 5 ठेवा, दोन्हीकडे चालेल.

मापही हलतं, ते सांगून ठेवतो. आतली त्रिज्या 1.2 धरून बाहेरच्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक बेंडला वजावट 2.12 येते, व्ही 10 च्या 1.6 वर 2.29. दोन बेंड मिळून 0.34 मिमीचा फरक. 1.2 त्रिज्येचं डेव्हलपमेंट व्ही 10 वर वाकवलं तर कव्हर तेवढं मोठं येईल. तुमच्या कव्हरला चालून जाईल, पण खोक्यावर घट्ट बसवायचं असेल तर झाकण हलेल.

गच्चीवरचा_पॅनेल

खूप आभार. आता `Flatten` चं. मॉडेल असं केलंय: 300 × 200 × 40 चा ब्लॉक, `Shell` 1.2, मग वरच्या कडेने आत 10 मिमी उंचीची अजून 1.2 ची पट्टी चिकटवली, तीच दुमड. नंतर `Convert to Sheet Metal`.

केतकी_डिझाइन (ठाणे)

यात दोन गोष्टी अडताहेत आणि दोन्हींचा दोष सॉफ्टवेअरला देता येणार नाही.

शेलने केलेल्या खोक्याचे चारही उभे कोपरे एकसंध असतात. मिठाईचा खोका कोपऱ्यात चिरल्याशिवाय सपाट होत नाही, तसंच हे. कन्व्हर्ट करताना `Rip` साठी चारही उभ्या कडा निवडाव्या लागतात, त्यात एक जरी राहिली तरी उलगडत नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे. तुमची दुमड ही दुमडच नाही. मॉडेलमध्ये कडेचा भाग 2.4 जाड ठोकळा झाला आहे. पत्रा उलगडायला सगळीकडे जाडी एकच लागते आणि दुमडीला एक वळण लागतं. तुमच्या ठोकळ्यात वळण नाही, मग उलगडायचं कुठून?

हे मॉडेल टाका आणि नव्याने करा, पाव तासाचं काम आहे. `Base Flange` ने चेहरा, `Edge Flange` ने चारही भिंती, आणि मग त्या भिंतींच्या कडांवर `Hem`. कोपऱ्यासाठी `Corner Relief` मध्ये `Circular` घेऊन 5 व्यास द्या. त्रिज्या 1.2 न घालता गाळ्याकडून विचारलेली घाला. फ्रीकॅडवाल्यांनाही हेच: शीटमेटलच्या हत्यारांनीच फ्लॅंज काढा, म्हणजे `Unfold` कुरकुर करत नाही.

गच्चीवरचा_पॅनेल

ताई, केलं तसं. उलगडलं! पण आता दुमडलेल्या अवस्थेत कोपऱ्यांत शेजारशेजारच्या दुमडी एकमेकींत घुसलेल्या दिसतात. सपाट पॅटर्नमध्ये मात्र सगळं मोकळं आहे. गाळ्यात पाठवू का?

केतकी_डिझाइन

नका पाठवू. सपाट पॅटर्न व्यवस्थित निघाला म्हणजे वस्तू बनेल, असं होत नाही. आत वळणाऱ्या फ्लॅंजला आणि दुमडीला ही अडचण येतेच: सपाट असताना त्या लांब लांब असतात, भिंती उभ्या राहिल्या की कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर येतात.

तुमच्या मॉडेलमध्ये भिंतीचं टोक शेजारच्या भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून 2.4 वर संपत असणार, त्रिज्या अधिक जाडी. शेजारच्या भिंतीची जाडी अधिक तिची दुमड मिळून तितकेच 2.4 आत येतात. म्हणजे कागदावर दोन्ही जेमतेम टेकतात. त्यात दाबलेली दुमड कधीच अगदी दुप्पट जाडीवर बसत नाही, थोडी फुगतेच. म्हणून दुमडीचा पट्टा भिंतीच्या टोकापासून दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी मागे घ्या. कोपऱ्यात बारीक खाच दिसेल, ती दिसू द्या. 45 अंशात कापायचाही पर्याय आहे, पण 10 च्या दुमडीला त्याची गरज नाही. रुंद आतल्या फ्लॅंजला तो लागतो.

प्रेसब्रेक_वसई

दुमडीबद्दल अजून एक. पुस्तकात किमान चार पट जाडी लिहिलेली असते, म्हणजे 1.2 ला 4.8. ते धातूपुरतं ठीक आहे, मशीनला ते पुरत नाही. दुमड दोन टप्प्यांत होते, आधी धारदार पंचाने 30 अंशापर्यंत तीव्र बेंड, मग चपटी डाय लावून दाबणं. पहिल्या टप्प्यात पत्र्याची कड व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकली नाही तर ती आत घसरते आणि दुमड वाकडी येते. तुमचे 10 आमच्या डायवर बसतात. पाचची दुमड घेऊन कोणी आला तर मी परत पाठवतो.

क्रमही ड्रॉइंगवर लिहा: चारही दुमडी आधी, सपाट पत्र्यावर, भिंती नंतर. उलट केलं तर उभ्या भिंतीची कड दाबायला डायमध्ये जागाच उरत नाही.

अल्युमिनियम_अंधेरी

मी दुमड अल्युमिनियमला करून घेतली होती, 6061-टी6, 1.5 मिमी. एकूणएक कडा तुटल्या. इथे कुणी सांगेल का, भोक मोठं केलं तर थांबेल?

निवृत्त_टूलरूम

नाही थांबणार. तुमची चीर कोपऱ्यात नाही, दुमडीच्या अख्ख्या लांबीवर आहे. आतली त्रिज्या जाडीएवढी असली तरी बाहेरचा थर ढोबळ हिशेबाने एक तृतीयांश ताणला जातो. दाबलेल्या दुमडीत त्रिज्या जवळपास शून्यावर येते आणि ताण त्याच्या कितीतरी वर जातो. मऊ सीआरसीए ते सोसतो, टी6 सोसत नाही. 5052 घ्या, दुमड पूर्ण न दाबता उघडी ठेवा, आणि पत्रा कापताना रोलिंगची दिशा बेंडरेषेला आडवी येईल असा मांडा. रोलिंगच्या दिशेला समांतर बेंड आधी फुटतो.

गच्चीवरचा_पॅनेल

कव्हर गच्चीवर पावसात जाणार. पावडर कोटिंग करणारच. 5 चं भोक समोरच्या चेहऱ्याच्या कोपऱ्यात उघडं राहील, पाणी जाईल ना?

लेझरवाला_भांडुप

वेल्ड करा. आणि वेल्ड करणारच असाल तर मी म्हणतो तसं छोटं भोक ठेवा. 1.2 च्या पत्र्यात 5 चं भोक भरायला वेल्डर कंटाळतो, पत्रा जळून भोक आणखी मोठं होतं. फुगवटा तसाही ग्राइंडरखाली जातो.

निवृत्त_टूलरूम

फुगवटा ग्राइंडरखाली जातो, पण भिंत उघडलेली राहते. शेवटी ती हातोडीने बसवतात. चीर पुरती भरली नाही तर पावडरखाली तिथूनच गंज धरतो, मुंबईच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ दिसतो.

प्रेसब्रेक_वसई

इथे मी थोडा भांडुपकरांच्या बाजूचा. कोपरा पूर्ण वेल्ड होणार असेल तर आम्ही गोल भोक न मारता नॉचच दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कडेपर्यंत चौकोनी नेतो. चौकोन तर निघतोच, पण गोल भोक बाजूला जास्तीचं खातं तेवढं खात नाही, भरायला कमी उरतं.

निवृत्त_टूलरूम

चौकोनी नॉचला हरकत नाही, पण आतला कोपरा टोकदार नको. लेझरला 0.5 ची गोलाई द्या, आणि नॉच तेवढा पलीकडे सरकवा, नाहीतर गोलाईच चौकोनात उरेल. कंपन असलेल्या पंपाजवळ टोकदार कोपरा पुढे चिरू शकतो.

लेझरवाला_भांडुप

पटलं नाही काका, वेल्ड झाल्यावर कोपरा राहतोच कुठे? पण असू दे.

कोटिंगवाला_कुर्ला

उशिरा येतोय. पावडर कोटिंगच्या आधी माल ॲसिडच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांत बुडतो. पूर्ण दाबलेल्या दुमडीच्या आत ते पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. ओव्हनमध्ये तापलं की कडेने उकळून बाहेर फुटतं, पावडरवर डाग आणि फोड येतात. आमच्याकडे बंद दुमडीचा माल आला की मुलं तोंड वाकडं करतात. त्यातलं काही आत उरलं तर पुढे दुमडीतूनच गंज. दुमडीत एखादा मिमी फट ठेवा किंवा खाली निथळायला खाचा ठेवा. गच्चीवरचं काम असेल तर मी जीआय किंवा 304 सुचवेन, सीआरसीए नाही.

केतकी_डिझाइन

फट ठेवणार असाल तर `Hem` चा प्रकार `Open` घ्या आणि फट 1 घाला. पण मग शेजारची दुमड अजून 1 मिमी आत येते, मागे घेण्याचं माप तीन धरा. डेव्हलपमेंटही बदलेल. सॉफ्टवेअर आकडा देईल, पण दुमडीची वजावट त्या गाळ्यातल्या एका पट्टीवर करून, मोजूनच घाला.

गच्चीवरचा_पॅनेल

म्हणजे: जीआय 1.2, दुमड 10 ची 1 मिमी फटीसह, दोन्ही टोकांना 3 मागे, दुमड आधी भिंती नंतर, आतली त्रिज्या गाळ्याला विचारून. गाळा व्ही 10 वापरतो असं आत्ताच फोनवर कळलं. कोपऱ्याचं ठरत नाही. एका सॅम्पलला दोन कोपरे 5 च्या गोल भोकाचे आणि दोन चौकोनी नॉचचे करतो, चारही वेल्ड करून फोटो टाकतो.

प्रेसब्रेक_वसई

जीआय वेल्ड करणार असाल तर कोपऱ्याजवळचं जस्त आधी ग्राइंड करून काढायला सांगा. धूर वाईट असतो आणि वेल्डमध्ये भोकं पडतात. जस्त गेलेल्या जागेला झिंक प्रायमर लागेल, तेही कोटिंगवाल्याला आधीच विचारा, सगळे प्रायमर ओव्हनमध्ये टिकत नाहीत.

चाळकरी_गिरगाव

स्क्रू मोजले. पत्र्याच्या अख्ख्या पुढच्या कडेला तीनच आहेत.